गुरुजींनी केलेली बेरीज

धाराशिवच्या ज्या रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ आहे, तिथं केमोथेरपीच्या ओपीडीत मला मिळालेली खोली पूर्वी एक्स-रेच्या जुन्या फिल्मा ठेवायची कोठी होती. खिडकी नाही. टेबल, तीन खुर्च्या, वजनकाटा आणि तपासणीची अरुंद कॉट, तिच्याभोवती तारेवर सरकणारा हिरवा पडदा. पेशंट आत आला की दार लावावंच लागतं, नाहीतर ते कॉटला अडतं. दार लावलं की बाहेर रांगेत बसलेल्यांच्या पाठी त्याला टेकतात. म्हणजे आतल्या माणसाला बाहेर पडायचं तर आधी बाहेरच्यांनी उठायला हवं. मी पाण्याची बाटली, रुमाल, जादा पेन, सगळं सकाळीच आत आणून ठेवते. मधे उठणं होत नाही.

माझं काम थोडक्यात सांगते. कॅन्सरच्या पेशंटचं पोषण किती धोक्यात आहे, हे मी ठरवते. त्याची एक जुनी पद्धत आहे. वजन, खाणं, पोटाच्या तक्रारी आणि रोजची हालचाल यांची विचारपूस करायची, मग हातानं तपासायचं. कातडीखाली चरबी किती उरली, स्नायू किती झडले, पायावर किंवा पोटात पाणी आहे का. त्या सगळ्याचा मिळून अंदाज घेऊन ए, बी किंवा सी म्हणायचं. ए म्हणजे ठीक, सी म्हणजे फार खालावलेला. यात बेरीज नसते, नजर आणि हात असतात.

याच पद्धतीची दुसरी आवृत्ती कॅन्सरच्या पेशंटांसाठी केलेली आहे. तिच्यात पहिले चार चौकोन पेशंटनं स्वतः भरायचे: वजन, खाणं, त्रास आणि हालचाल. प्रत्येक खुणेपुढं बारीक आकडा छापलेला असतो. भूक नाही, तीन. मळमळ, एक. तोंड आलंय, दोन. उरलेला भाग माझा: आजार, ताप, तपासणी. मग सगळ्यांची बेरीज. नऊ किंवा जास्त झाले की तातडीनं काहीतरी करायला हवं. ए-बी-सी याही कागदावर असतं, पण ते बेरजेवरून काढायचं नसतं, वेगळंच ठरवायचं असतं. नवीन डॉक्टरांना हे मी दरवेळी सांगते आणि ते दरवेळी विसरतात.

मावशी भूम तालुक्यातल्या. साठी ओलांडलेल्या, अंडाशयाचा कॅन्सर. बरोबर त्यांचे यजमान, जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही म्हणायला लागले. एसटीनं यायचे, पण शर्टाची इस्त्री मोडलेली नसायची. खिशात दोन पेनं, निळं आणि लाल.

दुसऱ्या केमोच्या वेळी मावशींनी कागद भरला, मी माझा भाग भरला, आणि मी बेरीज करायच्या आत गुरुजींनी समोरून, उलटा कागद वाचून ती केली.

"तेरा! मागच्या वेळी सात होते," ते मावशींकडं वळून म्हणाले. "वाढले की गं."

मावशी हसल्या. सहा महिन्यांत त्यांना कुणी शाबासकी दिली नव्हती, तसं ते हसणं होतं. मला वाटलं, गुरुजी थट्टा करताहेत. पण त्यांनी खिशातून फोन काढला होता, पुण्याच्या मुलीला कळवायला.

"गुरुजी, थांबा. हे गुण जास्त म्हणजे वाईट. शून्य सगळ्यात चांगलं. नऊच्या वर गेलं की आम्हाला काळजी."

चाळीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेला माणूस. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि कागद माझ्याकडून मागून घेऊन पुन्हा बेरीज केली. तेराच आली.

"म्हणजे आपण नापास," ते म्हणाले.

"नापास नाही हो. त्रास कुठं आहे ते कळावं म्हणून आहे हे."

"कळलं. पुढच्या वेळी कमी आणतो."

"आणतो" म्हणाले, "येतील" नाही. मी ते ऐकलं आणि जेवणाच्या सूचना लिहायला घेतल्या, कारण दाराबाहेर खोकण्याचे आवाज वाढले होते. तोवर शेजारची एक बाई त्यांच्याकडं भाकऱ्या थापून द्यायची. गुरुजींनी मला मध्येच थांबवून विचारलं, पिठलं चालेल का, शेंगदाण्याचा कूट किती, मूग भिजवायचे किती. एवढी नेमकी विचारणा आमच्याकडं सहसा पुरुष करत नाहीत. मी खूश झाले. लिहून दिलं.

तीन आठवड्यांनी ते तिसऱ्या केमोला आले. आत येऊन बसायच्या आत गुरुजी म्हणाले, "मॅडम, स्वयंपाक आता माझ्याकडं आहे. सकाळी सात, दहा, एक, चार, आठ. वेळापत्रक फळीवर चिकटवलंय. तिला हात लावू देत नाही."

"गुरुजींच्या हातची भाकरी फुगते का मावशी?" मी विचारलं.

"फुगती," मावशी म्हणाल्या. "गुरुजीपरास जास्त फुगती."

गुरुजी खदखदून हसले. मी वजन घेतलं. मागच्या वेळेइतकंच, किलोभर जास्तच. मग मावशींनी कागद भरला. खाणं नेहमीसारखं. त्रास काही नाही. हालचाल पूर्वीसारखी. चारही चौकोनांची मिळून बेरीज शून्य. गुरुजी मान वर करून बघत होते, पण यावेळी काही बोलले नाहीत. निकाल माझ्या तोंडून ऐकायचा होता त्यांना.

मी मात्र मावशींच्या गळ्याकडं बघत होते. हासळीच्या हाडाच्या वर खड्डा पडला होता. साडीचा पदर पिन लावूनही खांद्यावरून घसरत होता, कारण खांद्याचा गोलावाच गेला होता, तिथं कोपरा झाला होता. आणि चपलेचे पट्टे पायात रुतले होते.

"मावशी, कॉटवर या. तपासते." मी पडदा ओढला. गुरुजी पडद्यापलीकडं खुर्चीवर, हातभर अंतरावर. बाहेर जा म्हणावं तर अख्खी रांग उठवावी लागणार.

कानशिलं आत गेलेली. अंगठा आणि तर्जनी जुळवायला सांगितलं तर तिथं जो उंचवटा यायला हवा, तो नाही, खळगा. दंडाच्या मागची कातडी चिमटीत धरली तर बोटाला बोट लागत होतं. मांडी मऊ, लोंबलेली. घोट्यावर अंगठा दाबून धरला, सोडला, खड्डा तसाच राहिला. पोट मात्र ताणलेलं. वजन उतरलं नव्हतं ते यामुळं. अंगातलं मांस गेलं होतं आणि त्याच्या जागी पाणी भरलं होतं, काट्याला दोन्ही सारखंच.

"मावशी, जेवण खरंच जातंय?" मी हळू विचारलं.

पडद्यापलीकडून उत्तर आलं. "काल दुपारी दीड भाकरी, मॅडम. वरून मुगाची आमटी. ताट पुसून घेतलं होतं तिनं."

मावशींनी माझं मनगट धरलं. हात गार होता.

"शेळी हाय शेजारची," त्या ओठांच्या ओठांत म्हणाल्या. "मागल्या दारी बांधत्यात. तिचं वजन करा, लई वाढलंय."

मला हसू आलं आणि ते गिळावं लागलं. मी कानाशी वाकले.

"मग तुम्ही काय खाता?"

"च्या. बिस्कुट. दोन घास." थोडं थांबून म्हणाल्या, "ह्येंनी फोडणी दिली की लसणाच्या वासानं मला भडभडून येतंय. समदं तोंडात घातलं की लोखंडावानी लागतंय. मनात म्हणती खावं, पर दोन घासात पोट टच्च."

"हे तुम्ही कागदावर का नाही लिहिलं?"

"मॅडम, तुमी बी खुळ्या. लिवलं तर वाचत्यात की ह्ये."

पलीकडं गुरुजींनी घसा साफ केला. "हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आणलाय, दाखवू का?"

"एक मिनिट, गुरुजी."

मावशी भराभर बोलल्या, वेळ कमी आहे हे कळल्यासारखं. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांनी कधी विचारलं नाही काय खाणार म्हणून. शाळेतून आले की ताट, ताटावर बसलं की पेपर. रिटायर झाल्यावर तर दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघायचे. आता सकाळी उठून विचारतात, आज काय खाशील. "येवढं इचारत्यात. आन म्या त्येंना सांगू, तुमच्या हातचं नको म्हनून? न्हाय जमायचं. तुमीबी सांगायचं न्हाय. माझ्या गळ्याची आन हाय तुमाला."

शपथ मी कुणाला घालू देत नाही, हा माझा नियम आहे. पण ती घालून झाली होती, आणि पडदा सरकवायची वेळ झाली होती.

टेबलाशी बसून मी माझा भाग भरला. कॅन्सरचा एक. तपासणीचे तीन, स्नायू फार झडले की तीनच. मावशींच्या चौकोनांचे शून्य. एकूण चार. आणि खाली ए-बी-सीमध्ये सी. वजनापुढं लिहिलं, पोटात व पायावर पाणी, वजन ग्राह्य धरू नये. त्यांच्या चौकोनात मी माझ्या हातानं खूण करू शकत नव्हते. ते पेशंटचं म्हणणं असतं, ते तसंच ठेवायचं असतं. मला जे माहीत होतं ते पडद्याआडचं होतं, आणि जे कागदावर होतं ते अर्धं. डॉक्टर त्या अर्ध्यावरच औषधाचं ठरवणार होते.

"चार," गुरुजींनी वाचलं. "तेराचे चार!" पण ते 'सी'कडं बघत राहिले. "हे काय? सी ग्रेड?"

"डॉक्टरांशी बोलून येते," मी म्हणाले. बाहेरचे उठले, दार उघडलं, मी गेले.

आमचे डॉक्टर तरुण आहेत, चांगले आहेत, घाईत असतात. कागद बघून म्हणाले, "मॅडम, चार आणि सी? यातलं एक चुकलंय."

"चुकलेलं नाही. सी माझ्या हाताचं आहे. चारमध्ये पेशंटचा भाग अपुरा आहे."

"मग पूर्ण करा की. काय खातात त्या?"

असा प्रश्न मला कुणी विचारला आणि मी उत्तर दिलं नाही, असं त्या इमारतीत पूर्वी झालं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "पोटात पाणी आहे, ते आधी बघा. खाण्याचं मी परत विचारते."

ते आले, त्यांनी पोट तपासलं, पाय दाबून बघितले. सोनोग्राफी लिहिली, रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, आणि म्हणाले, "आज केमो नको. आधी हे पाणी बघू. पण आजी, खाणं खरंच नीट असेल तर एवढं मांस उतरायचं कारण मला शोधायला लागेल. अजून तपासण्या करायला लागतील, कदाचित सोलापूरला पाठवायला लागेल." आणि ते गेले. पुढच्या खाटेवर सलाईन लावायचं होतं.

दार पुन्हा लागलं. आम्ही तिघं.

गुरुजी उभेच होते. "मॅडम, चार आहेत. नऊच्या आत. मग केमो कशी थांबते? मला नियम सांगा."

"गुरुजी, केमो गुणांवर थांबत नाही. डॉक्टरांनी तपासलंय."

"मी पाच वेळा खायला घालतो. माझ्या डोळ्यांसमोर—" ते थांबले. "माझ्या डोळ्यांसमोर ताट रिकामं होतं का, हे तुम्ही विचाराल. मी वाढतो आणि पुढचं करायला चुलीकडं जातो. पण ताट रिकामं असतं. मग कारण काय? सोलापूरला काय सापडणार आहे? आणखी कुठं पसरलंय का? स्पष्ट सांगा, मी घाबरणार नाही."

ते घाबरले होते. कपाळावर घाम होता आणि दोन्ही पेनं खिशातून काढून हातात घट्ट धरली होती. मला सांगता आलं असतं की निम्मं कारण मला माहीत आहे, आणि ते सोलापूरला नाही, तुमच्या मागल्या दारात आहे. मावशी माझ्याकडं बघत होत्या. ती नजर विनवणीची नव्हती. पहारा होता तो. मी उठावं म्हटलं तर दार, बोलावं म्हटलं तर शपथ. मी टेबलावरचा स्टेपलर सरळ केला. मग पेन्सिल सरळ केली.

शेवटी मी कागद मावशींपुढं सरकवला. "मावशी, डॉक्टर म्हणाले परत विचारा. मी विचारत नाही. तुम्ही बघा, काही राहिलंय का." आणि पेन ठेवलं.

त्यांनी ते उचललं नाही. गुरुजी म्हणाले, "काही राहिलं नसेल तर नाही म्हण." मावशींनी पदर खांद्यावर ओढून घेतला. मग गुरुजींचा आवाज बदलला. "पण राहिलं असेल, तर सोलापूरच्या आधी सांग गं."

मावशींनी पेन घेतलं. त्रासांच्या चौकोनात एकच खूण केली. 'वासाचा त्रास होतो.'

"एक," गुरुजी म्हणाले. सवयीनं. "पाच झाले. वास कशाचा?"

"कशाचाबी."

"कशाचाही म्हणजे? फोडणीचा?"

मावशींनी पेन खाली सरकवलं. चवीपुढं खूण केली. मग मळमळीपुढं. पोट लवकर भरण्यापुढं. संडासला साफ न होण्यापुढं, थकव्यापुढं. गुरुजी दर खुणेला आकडा म्हणत होते, सहा, सात, आठ, नऊ, दहा. नऊला त्यांनी हातातली पेनं टेबलावर ठेवली, पण थांबले नाहीत. पोरगं फळ्यावर गणित चुकत असताना मधे बोलायचं नाही, ही शिस्त अंगात मुरलेली असावी. मावशींनी 'भूक नाही'वर खूण केली, तेव्हा मात्र तेरा म्हणाले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

खाण्याच्या चौकोनात त्यांनी आधीची खूण खोडली आणि शेवटच्या ओळीवर केली: 'कोणतीही गोष्ट अगदी थोडी.' त्याचे चार. हालचालीत 'दिवसातला निम्म्याहून कमी वेळ पडून असते', त्याचे दोन. मी कागद ओढून घेतला आणि आकडा मनातच केला. एकोणीस. तो मी मोठ्यानं म्हटला नाही, आणि त्यांनी विचारला नाही.

"शेळी?" एवढंच गुरुजींनी विचारलं. त्यांना कसं कळलं, मला आजही माहीत नाही. कदाचित शेळीच दारात येऊन बसायला लागली असेल.

"व्हय," मावशी म्हणाल्या.

मी बोलायला सुरुवात केली, कारण त्या खोलीत कुणीतरी बोलायलाच हवं होतं. गरम खाण्याचा वास जास्त येतो, म्हणून गार द्या. दहीभात, ताकात कालवलेलं सातूचं पीठ, दुधात दुधाची पावडर घालून, शेंगदाण्याचा कूट घालून केळं. ताट नको, वाटी. पाच वेळा नको, दर दोन तासांनी चार चमचे. फोडणी घालायचीच तर परसात चूल पेटवा, मावशी पुढच्या खोलीत असताना. मळमळीची गोळी जेवायच्या आधी. तोंडाला लोखंडाची चव येते तर स्टीलचा चमचा सोडा. गुरुजींनी निळ्या पेनानं सगळं उतरून घेतलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार होतं.

मग त्यांनी कागदाची घडी घातली, सोनोग्राफीचा नंबर घ्यायला म्हणून उठले, बाहेरच्यांना सरका म्हणाले आणि गेले.

दार लागल्यावर मावशी माझ्याशी बोलल्या. "झालं तुमचं समाधान?"

"मावशी, हे कळल्याशिवाय उपाय—"

"तुमाला कळलं. मला बी कळलं. आता त्ये सकाळी उठून काय करत्याल, त्ये सांगा."



पोटातलं पाणी काढलं, नाकातून नळी घालायची वेळ आली नाही. दोन आठवड्यांनी ती राहिलेली केमो झाली, जरा कमी डोसनं. त्या दिवशी मावशी एकट्या आत आल्या. गुरुजी बाहेर बाकावर. कागद खरा भरलेला होता, मी वाचूनच ओळखलं. अकरा. कमी झाले होते, फार नाही. मांसाचा खड्डा तसाच होता, तो इतक्यात भरत नाही.

"गुरुजी आत का नाही आले?"

"न्हाय म्हनले. घरात बी लई शांत झाल्यात. वाटी आणून ठेवत्यात, झाकन ठेवत्यात, जात्यात. इचारत न्हाईत."

"काय विचारत नाहीत?"

"काय खाशील म्हनून."

मी दार उघडायला लावलं, दोन माणसं उठवली आणि गुरुजींना आत बोलावलं. तिसऱ्या खुर्चीवर फायलींचा गठ्ठा होता, ते कॉटला टेकून उभे राहिले. मी त्यांच्यासमोर नवीन आहारपत्रक घेतलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं: दर दोन तासांनी विचारणे.

त्यांनी ते वाचलं. "विचारायचं? आणि नाही म्हणाली तर?"

"तर दोन तासांनी परत."

"आणि काय विचारायचं म्हणता? तिला माझ्या हातचं—"

"लसूण नको म्हनले मी," मावशी मधेच म्हणाल्या, त्यांच्याकडं न बघता. "तुमी नको आसं कुटं म्हनले?"

बाहेरून कुणीतरी दारावर थाप मारली. माझा पुढचा पेशंट उभा राहून कंटाळला होता. गुरुजींनी पत्रक खिशात घातलं, मावशींना उठायला हात दिला, आणि दार उघडायच्या आधी, त्या एवढ्याशा जागेत आम्ही तिघं एकमेकांना अडकून उभे असताना, त्यांनी खाली बघत विचारलं, "मग आता काय खाशील?"

"आता काय न्हाय," मावशी म्हणाल्या. "एसटीत बसल्यावर इचारा."